घटना अहवाल : यू-४० सिरिंजमध्ये १०० आययू/मिली इन्सुलिन भरले जाऊन अडीचपट मात्रा दिली गेली

विभाग : पुरुष मेडिसिन वॉर्ड, दुसरा मजला
घटनेची तारीख : १२ ऑगस्ट २०२५, संध्याकाळी ७.५५
लक्षात आल्याची वेळ : त्याच रात्री १०.५०
परिणाम : तात्पुरता अपाय, उपचार करावे लागले, कायमस्वरूपी इजा नाही
अहवाल : रुग्णसुरक्षा समिती, १९ ऑगस्ट २०२५

या अहवालात कुणाचेही नाव नाही. ज्यांचा घटनेशी संबंध आला त्यांचा उल्लेख कामावरून केला आहे. समितीने केस पेपर, ट्रीटमेंट शीट, इंडेंट वही, औषध विभागाची नोंद आणि जपून ठेवलेली व्हायल तपासली. पाच कर्मचारी, रुग्ण आणि त्यांच्या पत्नी यांच्याशी समिती स्वतंत्रपणे बोलली. खुलासापत्र कुणाकडूनही मागवलेले नाही.

रुग्ण

वय ५८, वजन ६४ किलो, मधुमेह ११ वर्षांपासून. उजव्या पायाच्या सेल्युलायटिससाठी १० ऑगस्टला भरती. अँटिबायोटिक शिरेतून चालू, त्यामुळे आयव्ही लाइन होती. मूत्रपिंडाचे काम ठीक, क्रिएटिनिन १.१. ऑर्डर अशी होती : ह्यूमन प्रीमिक्स इन्सुलिन ३०/७०, सकाळी २२ युनिट आणि रात्री १६ युनिट, त्वचेखाली, जेवणाआधी अर्धा तास. ऑर्डर स्पष्ट अक्षरात होती आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिलेला होता. ऑर्डरमध्ये काही चूक नव्हती.

काय घडले

संध्याकाळी ७.४० ला ग्लुकोमीटरवर शुगर २१२. वॉर्डमधली चालू व्हायल दुपारी संपली होती, म्हणून फ्रिजच्या ट्रेमधून नवी व्हायल काढली. ती १० मिलीची, ३०/७० चीच होती, पण तीव्रता १०० आययू/मिली होती. वॉर्डमध्ये आजवर ४० आययू/मिलीचीच व्हायल येत असे. ड्रॉवरमधली सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे ४० आययूसाठीच आखलेली होती. परिचारिकेने सोळाव्या रेघेपर्यंत औषध भरले, दुसऱ्या परिचारिकेने पडताळले, दोघींनी सह्या केल्या आणि ७.५५ ला पोटावर इंजेक्शन दिले.

यू-४० सिरिंजच्या सोळाव्या रेघेला ०.४ मिली औषध असते. ४० आययूच्या व्हायलमधून ते १६ युनिट होते. १०० आययूच्या व्हायलमधून तेच ०.४ मिली ४० युनिट होते. रुग्णाला २४ युनिट जास्त गेले.

जेवण ८.२५ ला आले. रुग्णाने दोन पोळ्या आणि भाजी खाल्ली, भात तसाच ठेवला. १०.१० ला त्यांच्या पत्नीने सिस्टरना बोलावले. कपाळ पुसायला गेल्यावर टॉवेल ओला झाला, विचारलेल्याचे उत्तर उशिरा येत होते, आणि दुपारपर्यंत असे काही नव्हते, असे त्यांनी सांगितले. पुढच्या राउंडची वेळ ११ ची होती. त्यांच्या लक्षात आले नसते तर आणखी पन्नास मिनिटे गेली असती, ही गोष्ट समिती मुद्दाम नोंदवते.

१०.१४ : शुगर ४६, नाडी ११२, रुग्ण सुस्त, हाक मारल्यावर डोळे उघडत होते. गिळणे भरवशाचे वाटत नसल्याने तोंडावाटे साखर दिली नाही.
१०.१८ : क्रॅश ट्रॉलीतून २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, बारा मिनिटांत शिरेतून.
१०.३५ : शुगर १४२. रुग्ण पूर्ण शुद्धीवर, बोलणे नीट.

ड्यूटी डॉक्टरांनी इथे उपचार थांबवले नाहीत. २१२ असलेली शुगर १६ युनिट आणि दोन पोळ्यांनंतर अडीच तासांत ४६ वर कशी आली, याचा त्यांना मेळ लागेना, म्हणून त्यांनी व्हायल मागवली. फ्रिजमधून काढलेल्या व्हायलवर दव धरले होते. ते बोटाने पुसून लेबल दिव्याखाली धरल्यावर, ब्रँडच्या नावाखालच्या बारीक ओळीत १०० आययू दिसले. तेव्हा १०.५० झाले होते.

यामुळे पुढचा उपचार बदलला. ३०/७० मध्ये ३० टक्के रेग्युलर आणि ७० टक्के एनपीएच असते. रेग्युलरचा जोर दोन-तीन तासांत येतो आणि एनपीएचचा चार ते दहा तासांत, म्हणजे या रुग्णात मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. दिलेल्या ४० पैकी २८ युनिट एनपीएचचे होते. केवळ १४२ पाहून शुगर पुन्हा सकाळीच तपासली असती तर रात्री मोठा धोका होता. ११.१० ला १० टक्के डेक्स्ट्रोज ताशी १०० मिलीने सुरू केले आणि ठराविक अंतराने शुगर तपासायची ठरली. फिजिशियनना फोनवर सगळे सांगितले.

तरीही १२.३० ला शुगर ६३ आली. पुन्हा २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली दिले आणि चालू सलाइनचा वेग ताशी १५० मिली केला. १ वाजता ११८, २ ला ८८, ३ ला ९६, ४.३० ला १०७, ६ ला १२१. जास्त इन्सुलिनने पोटॅशियम पेशींत ओढले जाते, म्हणून रात्री १२ ला नमुना पाठवला होता, तो ३.३ आला. पोटॅशियम क्लोराइड सिरप तोंडावाटे दिले. सकाळी ७ ला ३.९. ईसीजीत बदल नव्हता. सकाळचा इन्सुलिनचा डोस थांबवला, नाश्त्यानंतर डेक्स्ट्रोज हळूहळू कमी करून ११ ला बंद केले. १३ तारखेला रात्री ८ पर्यंत शुगर दर दोन तासांनी पाहिली, ७० च्या खाली एकदाही गेली नाही. डिस्चार्ज ठरल्याप्रमाणे १६ ऑगस्टला झाला.

रुग्णाला आणि नातेवाइकांना काय सांगितले

११.४० ला ड्यूटी डॉक्टरांनी रुग्ण व त्यांच्या पत्नीला सांगितले की इन्सुलिन ठरलेल्यापेक्षा जास्त गेले आहे, अंदाजे किती गेले आहे आणि आता काय करत आहोत. दुसऱ्या दिवशी ९.३० ला फिजिशियन आणि मेट्रन दोघांनी बसून पुन्हा सविस्तर सांगितले व माफी मागितली. या घटनेमुळे लागलेल्या औषध-तपासण्यांचा खर्च बिलात धरलेला नाही. पत्नीने विचारलेला प्रश्न अहवालात असावा असे वाटते : “बाटली बदलली हे तुम्हाला कळवणारं कुणी नव्हतं का?”

बाटली कशी बदलली

४० आययूची व्हायल पुरवठादाराकडे ८ ऑगस्टपासून नव्हती. त्याने १०० आययूच्या सहा व्हायल पाठवल्या. औषध विभागाच्या संगणकात ३०/७० च्या १० मिली व्हायलला एकच कोड आहे, त्यात तीव्रतेचा रकाना नाही, त्यामुळे दोन्ही एकाच नावाखाली जमा झाल्या. वॉर्डच्या इंडेंटमध्ये ‘इन्सुलिन ३०/७० — २ व्हायल’ एवढेच होते. फार्मासिस्टने मागणीप्रमाणे दोन दिल्या. त्यांच्या पडद्यावर आणि कागदावर वेगळे काहीच नव्हते.

खोक्यावर तीव्रता ठळक रंगपट्टीत असते. पण फ्रिजच्या ट्रेमध्ये जागा कमी, म्हणून व्हायल आल्याबरोबर खोकी टाकली जात. ही पद्धत सर्वच वॉर्डांत होती. व्हायलचा आकार आणि झाकण आधीच्यासारखेच होते. केशरी टोपणाची यू-१०० सिरिंज वॉर्डात ठेवलेलीच नव्हती. म्हणजे कुणाच्या लक्षात फरक आला असता तरी योग्य सिरिंज हाताशी नव्हती.

दुहेरी पडताळणीत का सापडले नाही

समितीने सर्वांत जास्त वेळ या मुद्द्यावर दिला, कारण पडताळणी झाली होती, आणि मनापासून झाली होती. पडताळणीच्या नमुन्यात रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, मुदत आणि दोन सह्या एवढेच रकाने आहेत. दुसऱ्या परिचारिकेने केस पेपरवरचे १६ वाचले, सिरिंजवरची सोळावी रेघ पाहिली, व्हायलवर ३०/७० आणि मुदत पाहिली. विचारलेले सगळे बरोबर होते. जे चुकले ते विचारलेच जात नव्हते.

व्हायलची तीव्रता आणि सिरिंज जुळली पाहिजे हे दोघींनाही माहीत होते. समितीशी बोलताना दोघींनी ४० आणि १०० मधला फरक, अडीचपटीचा हिशेब, टोपणांचे रंग न अडखळता सांगितले. म्हणून ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ एवढ्यावर हा विषय मिटवणे समितीला मान्य नाही. माहिती होती, पण वर्षानुवर्षे एकच व्हायल आणि एकच सिरिंज हाताळलेल्या हाताला ती आठवण करून देणारे काही नव्हते. त्या वेळी २४ रुग्णांना दोन परिचारिका होत्या आणि ७.४५ ला एक नवी भरती आली होती. हेही कारण आहे, पण मुख्य नव्हे. निवांत संध्याकाळीही हीच पडताळणी हेच दाखवत राहिली असती.

उलट बाजूची शक्यताही तपासली. ४० आययूचे औषध यू-१०० सिरिंजने भरले तर १६ ऐवजी ६.४ युनिटच जातात. शुगर चढती राहते आणि डोस वाढवला जातो. असा प्रकार सापडला नाही.

त्याच रात्री केलेले काम

सहाही व्हायलींचा हिशेब १२.१५ पर्यंत लागला. या वॉर्डात एक उघडलेली व एक सीलबंद, महिला वॉर्डच्या फ्रिजमध्ये तीन सीलबंद, औषध विभागात एक. उघडलेल्या व्हायलमधून एकच डोस निघाला होता, दुसऱ्या रुग्णाला हे औषध गेले नाही. सर्व व्हायल काढून कुलुपात ठेवल्या. मेट्रन १३ तारखेला दोन्ही परिचारिकांशी बोलल्या. दोघींची ड्यूटी नेहमीप्रमाणे चालू आहे.

ठरलेले बदल

व्हायलच्या रूपात रुग्णालयात फक्त ४० आययू/मिली राहील. १०० आययू फक्त पेनमध्ये, पेनच्या सुईनेच. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढणे पूर्ण बंद, पेन बिघडला तरीही. जबाबदारी : औषध विभागप्रमुख, लागू.

४० आययू मिळत नसेल तर पर्यायी तीव्रता फिजिशियनच्या लेखी संमतीशिवाय खरेदीत घेऊ नये. संमती मिळाल्यास फार्मासिस्ट वॉर्डला फोन करतील, आणि व्हायल व केशरी टोपणाच्या सिरिंज एकाच पिशवीत, एकत्रच जातील. लाल सिरिंजवर ‘इतक्या रेघा भरा’ असे रूपांतर करून वापरायचे नाही. रात्रीच्या वेळी असा गुणाकार म्हणजे नवी चूक. जबाबदारी : खरेदी व औषध विभाग, २५ ऑगस्ट.

संगणकात दोन तीव्रतांना दोन कोड, इंडेंटमध्ये तीव्रता लिहिल्याशिवाय मागणी पुढे जाणार नाही. जबाबदारी : संगणक विभाग, ५ सप्टेंबर. तोवर फार्मासिस्ट व्हायलवर हाताने मोठ्या अक्षरात तीव्रतेची चिठ्ठी लावतील.

व्हायल संपेपर्यंत खोक्यातच राहील. त्यासाठी पाच वॉर्डांच्या फ्रिजना मोठे ट्रे घेतले जातील. जबाबदारी : स्टोअर, ३१ ऑगस्ट.

पडताळणीत तिसरी सही वाढवलेली नाही, प्रश्न बदलले आहेत. दुसरी परिचारिका व्हायल हातात घेऊन तीव्रता मोठ्याने वाचेल, मग सिरिंजवर छापलेली तीव्रता वाचेल, दोन्ही आकडे जुळले तरच रेघ पाहील. दोन्ही आकडे नमुन्यात लिहायचे आहेत, बरोबरची खूण चालणार नाही. २० ऑगस्टपासून याच वॉर्डात दोन आठवडे वापरून पाहू आणि किती वेळ लागतो ते मोजू. इन्सुलिनच्या वेळेला भरती आल्यास ती घेण्यासाठी शेजारच्या वॉर्डातून एक परिचारिका येईल का, याचा निर्णय मेट्रनकडे प्रलंबित आहे. ३ सप्टेंबरच्या बैठकीत तो घेतला जाईल.