व्हाय-व्हाय विश्लेषण अहवाल: सीएनसी लेथ क्र. ७, चिप कन्व्हेयर जाम

घटना: ९ जुलै २०२५, दुसरी शिफ्ट, सायंकाळी ६.२०
जॉब: ४२ मिमी व्यासाचा बुश, एसएई १०२०, प्रोग्राम O0417
मशीन बंद: ३ तास ४० मिनिटे, सुमारे ५५ जॉबचे उत्पादन बुडाले
नुकसान: कन्व्हेयरच्या पट्ट्याच्या चार हिंज प्लेट वाकल्या, एक साखळी दुवा बदलला
अहवाल दिनांक: १४ जुलै २०२५
तयार करणार: मेंटेनन्स, प्रॉडक्शन, टूल क्रिब (तिघे मिळून)

या घटनेची ब्रेकडाउन स्लिप त्याच रात्री भरली गेली. तिच्यात कारण लिहिले होते, ‘चिप साठल्या, ऑपरेटरने वेळेवर काढल्या नाहीत’ आणि उपाय, ‘ऑपरेटरला समज दिली’. हे कारण आम्ही स्वीकारलेले नाही. त्याच शिफ्टमध्ये, त्याच सवयीने इतर लेथ चालू होते आणि त्यांचे कन्व्हेयर अडकले नाहीत. शिवाय कन्व्हेयर बसवला आहे तोच हाताने चिप काढाव्या लागू नयेत म्हणून.

पुढे प्रत्येक ‘का’च्या उत्तराखाली पुरावा दिला आहे. ज्याला पुरावा मिळाला नाही ते उत्तर काढून टाकले.

का १: कन्व्हेयर का अडकला?
सपाट भाग संपून चढ सुरू होतो तिथे, प्लेट आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये चिपचा गुंताळा बसला. बाहेर काढलेला गुंताळा साधारण ४ किलोचा होता आणि त्यातल्या चिप ३०० ते ६०० मिमी लांब. या जॉबवर एरवी ६ आणि ९ या आकड्यांसारख्या वळलेल्या, १० ते २० मिमीच्या तुटक चिप पडतात. साखळीचा ताण, कूलंटचे प्रमाण (७ टक्के) आणि मोटरचा रिकामा करंट तपासला. तिन्ही ठीक निघाले, त्यामुळे ‘कन्व्हेयर जुना झाला’ हे उत्तर बाद.

का २: चिप तुटल्या का नाहीत?
फीड चिपब्रेकरच्या मर्यादेखाली होता. इन्सर्टच्या डब्यावर ०.१५ ते ०.३० मिमी प्रति फेरा अशी मर्यादा आहे. मशीनमधला प्रोग्राम आणि मास्टर कॉपी शेजारी ठेवून पाहिली:

```
मास्टर :  G01 Z-62.0 F0.25
मशीनवर :  G01 Z-62.0 F0.12
```

इतक्या पातळ चिपला ब्रेकरच्या खाचेत पुरेसा वळसा मिळत नाही, ती सरळ रिबिनीसारखी निघते. खात्रीसाठी तेच मटेरियल, तोच इन्सर्ट, १ मिमी कट ठेवून फीड ०.१७ केला. चिप १५ ते ३० मिमीवर तुटू लागल्या. पुन्हा ०.१२ केल्यावर गुंताळा परत आला. कारण चालू-बंद करून दाखवता येते, म्हणजे ही कडी पक्की.

का ३: फीड का कमी केला?
८ तारखेला दुसऱ्या शिफ्टच्या पहिल्या जॉबचा पृष्ठभाग Ra ४.८ मायक्रॉन आला. ड्रॉइंगवर कमाल ३.२ आहे. सेटरने फिनिश बसेपर्यंत फीड उतरवला. जॉब वाचवण्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण प्रोग्राम एडिटची किल्ली मशीनलाच लावलेली असल्याने बदलाची नोंद कुठेही झाली नाही.

का ४: मास्टर फीडवर फिनिश का बिघडला?
इन्सर्ट सीएनएमजी १२०४०८ ऐवजी सीएनएमजी १२०४०४ लावलेला होता, म्हणजे नोज रेडियस ०.८ ऐवजी ०.४. हिशेब असा:

```
Rt = f² / (8 × r)
r 0.8, f 0.25 : Rt 9.8 µm,  Ra अंदाजे 2.4
r 0.4, f 0.25 : Rt 19.5 µm, Ra अंदाजे 4.9
r 0.4, f 0.17 : Rt 9.0 µm,  Ra अंदाजे 2.3
r 0.4, f 0.12 : Rt 4.5 µm,  Ra अंदाजे 1.1
```

मोजलेला ४.८ या हिशेबाशी जुळतो. फीड ०.१७ वर थांबवला असता तर फिनिशही बसला असता आणि चिपही तुटल्या असत्या. हा तक्ता सेटरच्या हाताशी नव्हता.

का ५: ०.४ चा इन्सर्ट का लावला?
८ तारखेच्या पहिल्या शिफ्टमध्ये ०.८ चे इन्सर्ट संपले. क्रिबमधून ‘त्याच आकाराचा’ म्हणून ०.४ दिला गेला. खिशात दोन्ही सारखेच बसतात. पर्यायी इन्सर्ट देताना कोणाची सही लागते, याचा नियम नाही.

का ६: इन्सर्ट का संपले?
रीऑर्डर पातळी १० नग आहे. ती एक लेथ आणि दोन शिफ्ट असतानाची. एका कडेवर ४० जॉब होतात, इन्सर्टला चार कडा, शिफ्टला १२० जॉब. म्हणजे प्रति शिफ्ट पाऊण इन्सर्ट, दिवसाला दीड. माल यायला कामाचे ६ दिवस लागतात, तेव्हा ९ नग पुरत होते. आता लेथ ४ आणि ७ वर तीन शिफ्टमध्ये दिवसाला ४.५ लागतात, सहा दिवसांना २७. ऑर्डर ४ जुलैला अगदी नियमाप्रमाणे, १० नग उरल्यावर गेली. माल ११ जुलैला आला. क्रिबच्या माणसाने काहीही चुकवलेले नाही.

का ७: पातळी का बदलली नाही?
एप्रिलमध्ये लेथ ७ या जॉबवर घेतला, मेमध्ये तिसरी शिफ्ट सुरू झाली. क्षमता वाढवतानाच्या चेकलिस्टमध्ये माणसे, फिक्स्चर, गेज, प्रोग्राम आहेत. टूलचा साठा नाही. हे मूळ कारण. साखळी उलटी, ‘म्हणून’ लावत वाचली तेव्हाही कुठे तुटली नाही.

दुसरी साखळी: जाम होण्याआधी कळले का नाही?
कळले होते. ८ तारखेला कन्व्हेयर दोनदा ट्रिप झाला आणि दोन्ही वेळा रीसेट केला गेला. दोष विजेचा आहे असे धरून ओव्हरलोड रिले ०.७ वरून १.१ अँपिअरवर नेला; मोटरच्या नेमप्लेटवर ०.७ आहे. म्हणूनच ९ तारखेला ट्रिप होण्याऐवजी प्लेट वाकल्या. झाकण उघडून का पाहिले नाही? १५ मिनिटांपेक्षा छोटा थांबा आपण लिहीतच नाही, त्यामुळे पुढच्या शिफ्टच्या मेंटेनन्सला दोन ट्रिपची खबर नव्हती. जामचे हे कारण नव्हे, पण नुकसान वाढण्याचे मूळ इथे आहे.

झालेले आणि ठरलेले

रिले ०.७ वर आणून डायलला सील केले, १० जुलै. मास्टर प्रोग्राम पुन्हा लोड केला आणि ०.८ चे इन्सर्ट लावले, ११ जुलै. हे तात्पुरते.

१२०४०८ ची रीऑर्डर पातळी ४० नग (चार डबे), टूल क्रिब, १५ जुलै. क्षमता चेकलिस्टमध्ये ‘रोजचा खप × पुरवठ्याचे दिवस’ ही ओळ आणि क्रिबची सही, प्रॉडक्शन, १९ जुलै. एप्रिलनंतर शिफ्ट वाढलेल्या बाकीच्या जॉबच्या टूलचाही हाच हिशेब, २६ जुलैपर्यंत. तिथेही अशीच पातळी सापडण्याची शक्यता दाट आहे. नोज रेडियस-फीड तक्ता प्रत्येक लेथवर आणि पर्यायी इन्सर्ट फक्त सेटिंग सुपरवायझरच्या सहीने, २१ जुलै. एडिट किल्ली सुपरवायझरकडे, आजपासून. कन्व्हेयरची प्रत्येक ट्रिप, एक मिनिटाची असली तरी, शिफ्ट वहीत. एका शिफ्टमध्ये दुसरी ट्रिप झाल्यास झाकण उघडल्याशिवाय रीसेट नाही.

‘ऑपरेटरला समज’ हा उपाय रद्द केला असून त्याच्या फाइलमधून नोंद काढावी.

पडताळणी: १६ ऑगस्टपर्यंत लेथ ४ आणि ७ वरील ट्रिप आणि १२०४०८ चा किमान साठा दर शनिवारी तपासणे. साठा १० च्या खाली गेल्यास का ६ पुन्हा उघडायचा.