वर्गातील नैतिक पेच : इंटर्नशिपला जाणाऱ्या छात्राध्यापकांसाठी टिपण

मूल काय ठरवते यापेक्षा ते तसे का ठरवते, हे ऐकण्याची सवय या टिपणातून लागावी, अशी अपेक्षा आहे.

पहिला पेच दुसरीच्या वर्गासाठी आहे. बाईंना मदत करताना एका मुलाच्या हातून पाण्याचा जग निसटला आणि दहा वह्या भिजल्या. दुसऱ्याने बाई नसताना त्यांच्या टेबलावरच्या शाईशी खेळताना एक वही खराब केली. जास्त चूक कोणाची? जाँ पियाजे यांनी पंधरा पेले आणि एक पेला अशा गोष्टींतून मुलांना हेच विचारले होते. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात लहान मुले बहुधा नुकसान मोजताना, तर मोठी मुले हेतू पाहताना आढळली.

दुसरा पेच सहावीसाठी आहे. चाचणीत मैत्रीण कॉपी करताना एका मुलीने पाहिले. नंतर बाईंनी विचारले, तर तिने सांगावे का? येथे लॉरेन्स कोलबर्ग उपयोगी पडतात. १९५८च्या प्रबंधापासून त्यांनी तीन पातळ्या आणि सहा टप्प्यांची मांडणी विकसित केली. ‘नाही सांगितले तर बाई मलाच ओरडतील’ यात शिक्षेची भीती आहे आणि ‘तिने मला रंगपेटी दिली होती, म्हणून मी सांगणार नाही’ यात देवाणघेवाण आहे. हे दोन्ही टप्पे पूर्वसांकेतिक पातळीचे आहेत. ‘सांगितले तर सगळ्या मला चहाडखोर म्हणतील’ या उत्तरात इतरांच्या नजरेत चांगले राहण्याची ओढ दिसते, तर ‘एकीला सूट दिली तर परीक्षेला अर्थच राहणार नाही’ असे म्हणणारी मुलगी व्यवस्थेचा विचार करते, आणि हे दोन टप्पे सांकेतिक पातळीत येतात. पहिल्या आणि शेवटच्या मुलीचा निर्णय एकच, ‘सांगावे’, असा आहे, पण त्यांच्या विचारांत तीन टप्प्यांचे अंतर आहे. केवळ ‘हो’ आणि ‘नाही’ मोजणाऱ्या छात्राध्यापकाच्या हाती म्हणूनच काही लागत नाही. नियमामागील तत्त्वच तपासणारी उत्तरसांकेतिक पातळी शालेय वयात क्वचितच आढळते.

कोलबर्ग यांचा मूळ अभ्यास केवळ मुलग्यांवर झाला होता. मैत्रिणीची काळजी वाटून गप्प राहणाऱ्या मुलीला या मोजपट्टीवर खालचे स्थान मिळते, यावर कॅरोल गिलिगन यांनी १९८२मध्ये नेमके बोट ठेवले. माझ्या मते हा आक्षेप वर्गात सतत लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण गप्प राहण्यामागे भीती आहे की आपुलकी, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पेच वाचून दाखवल्यावर स्वतःचे मत सांगू नये. ‘का?’ असे निदान दोनदा विचारावे आणि मुलांची वाक्ये त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावीत. एकाच मुलाच्या दोन उत्तरांत दोन टप्पे दिसले, तर ते दोन्ही तसेच नोंदवावेत.