विषय : संस्थेच्या संकेतस्थळावरील सूचनाफलकाच्या पानाची मांडणी

दि. 4 ऑगस्ट
प्रति, व्यवस्थापक, संकेतस्थळ विभाग

महोदय,

आपण पाठवलेला नमुना समितीने पाहिला. रंग छान आहेत, पण सरकती पट्टी कृपया काढून टाका. आमचे निम्मे सभासद ज्येष्ठ आहेत. वाचून होईपर्यंत ओळ निघून जाते.

पान उघडताच सर्वांत वर एकच ठळक चौकट हवी, फक्त तातडीच्या सूचनेसाठी. उदा. "उद्या सकाळी 10 ते 2 टाकी सफाई, बी विंगला पाणी येणार नाही". मुदत संपली की ती आपोआप खाली जावी. त्याखाली बाकीच्या सूचना, नवी आधी. प्रत्येकीवर जावक क्रमांक, तारीख आणि विषय एका ओळीत. मजकूर टिचकी मारल्यावर उघडावा. मजकूर युनिकोडमध्येच हवा, स्कॅन केलेला कागद मोबाइलवर वाचता येत नाही.

सर्वसाधारण सभेसाठी वेगळा कप्पा ठेवा. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि सूचना पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे सूचना कधी चढवली ती तारीख दिसलीच पाहिजे, नंतर कोणालाही बदलता येऊ नये. यावरून वाद होतात, म्हणून आग्रह.

थकबाकीदारांची यादी लॉगिनशिवाय दिसता कामा नये. लिफ्टजवळच्या काचेच्या फलकासाठी ए-4 छपाईचे बटणही द्या.

सुधारित नमुना 14 ऑगस्टपर्यंत पाठवावा, 16 तारखेला समितीची बैठक आहे. उर्वरित रक्कम त्याच्या मंजुरीनंतर देऊ.

आपला,
सचिव
सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)