लिफ्ट देखभाल करार संपवण्याची ३० दिवसांची नोटीस

दांडिया बाजार, वडोदरा
दि. 1 ऑक्टोबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, लिफ्ट देखभाल विभाग

स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या दोन्ही लिफ्टचा 1 जानेवारी 2025 चा देखभाल करार कलम 9 नुसार संपवत आहोत. शेवटचा दिवस 31 ऑक्टोबर. तोवरची मासिक सर्व्हिस आणि अडकल्याचे कॉल नेहमीप्रमाणे घ्यावेत.

ऑक्टोबर ते डिसेंबरचे ₹15,930 (जीएसटीसह) आगाऊ दिले आहेत. त्यांपैकी दोन महिन्यांचे ₹10,620 क्रेडिट नोटसह 15 नोव्हेंबरपर्यंत सोसायटीच्या खात्यात जमा करावेत.

31 तारखेला सकाळी 11 वाजता संयुक्त पाहणी करू. मशीन रूमच्या किल्ल्या, दार उघडायची चावी, ब्रेक सोडायचा लिव्हर आणि लॉगबुक तेव्हाच सही घेऊन द्यावे. ए विंगचे ड्राइव्ह कार्ड दुरुस्तीला नेले आहे (सध्या बसवलेले तुमचे आहे). अदलाबदल त्याच वेळी, लिफ्ट चालवून बघून व्हावी. कंट्रोलरला पासवर्ड असल्यास तो लेखी द्यावा, नाहीतर नव्या तंत्रज्ञाला सेटिंग उघडता येणार नाही.

निर्णय समितीच्या सभेत झाला आहे. दरात सवलत दिली तरी तो बदलणार नाही. तुमच्या मेकॅनिकांनी रात्री-अपरात्री येऊन केलेल्या कामाबद्दल आभार. पोच सात दिवसांत द्यावी.

आपला,
सचिव, व्यवस्थापन समिती