कामावर रुजू होण्यासाठी फिटनेस सर्टिफिकेट आणि निर्णयामागच्या कारणांची नोंद

भाग पहिला: प्रमाणपत्र
(प्रत: मेट्रन कार्यालय, आस्थापना विभाग आणि स्वतः कर्मचारी)

दिनांक: 5 जून 2025
कर्मचारी क्रमांक: 4172
पद: स्टाफ नर्स, अतिदक्षता विभाग. एकूण सेवा 9 वर्षे.
रजा: 17 मार्च ते 8 जून 2025 (12 आठवडे, वैद्यकीय)

वरील कर्मचाऱ्यांची 4 व 5 जून 2025 रोजी मी स्वतः तपासणी केली. त्या 9 जून 2025 पासून आपल्या मूळ पदावर आणि मूळ विभागात काम करण्यास खालील अटींवर योग्य आहेत.

1. 9 ते 22 जून: फक्त दिवसपाळी, रोज 6 तास, आठवड्यातून 4 दिवस. या काळात त्यांना रोस्टरमधील संख्येत धरू नये. त्या जादा हात म्हणून असतील.
2. 23 जून ते 6 जुलै: पूर्ण वेळेची दिवसपाळी. एका वेळी जास्तीत जास्त दोन पेशंट.
3. 7 जुलै रोजी फेरतपासणी. तोवर नाईट नाही. त्यानंतर नाईट द्यायची की नाही, हे त्या दिवशी ठरेल.
4. 31 ऑगस्टपर्यंत डबल ड्यूटी नाही, आणि साप्ताहिक ऑफ रद्द करून बोलावणे नाही.

औषधे देणे, पंप लावणे, व्हेंटिलेटरवरचा पेशंट सांभाळणे यावर कोणतेही बंधन नाही. हे प्रमाणपत्र 31 ऑगस्ट 2025 पर्यंत लागू राहील. एखादी अट पाळणे शक्य नसल्यास मला आधी कळवावे. अट परस्पर सोडून दिल्यास हे प्रमाणपत्र लागू राहणार नाही.

आजाराचे नाव व उपचार मुद्दाम लिहिलेले नाहीत. रोस्टर लावण्यासाठी त्यांची गरज नाही.

(सही)
ऑक्युपेशनल हेल्थ फिजिशियन, कर्मचारी आरोग्य विभाग


भाग दुसरा: कारणांची नोंद
(गोपनीय. फक्त कर्मचारी आरोग्य विभागाच्या फाइलमध्ये. कर्मचाऱ्यांनी वाचून संमती दिलेली.)

रजेचे मूळ कारण कागदावर "बर्नआउट" असे आले होते. आयसीडी-11 मध्ये बर्नआउटला क्यूडी85 हा संकेतांक आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या, न आवरल्या गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी स्थिती अशी त्याची नोंद आहे. गळून जाणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे ही त्याची तीन अंगे. सिस्टरांमध्ये मार्चमध्ये ही तिन्ही होती. पण एवढेच नव्हते. 19 मार्चला पीएचक्यू-9 चा गुण 27 पैकी 16 होता, आणि नवव्या प्रश्नाला (मरण आलेले बरे, असे वाटणे) त्यांनी "काही दिवस" असे उत्तर दिले होते. म्हणजे बर्नआउटच्या जोडीला उपचार लागणारे नैराश्य होते. सगळ्यावर "बर्नआउट" लिहून मोकळे झालो असतो, तर तेच नजरेआड झाले असते.

मानसोपचारतज्ज्ञांचे 30 मेचे पत्र फाइलला जोडले आहे. एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅम, सकाळी, गेले दहा आठवडे. झोपेची गोळी एप्रिलअखेर बंद. गुंगीचे एकही औषध आता चालू नाही. 4 जूनला पीएचक्यू-9 चा गुण 4, नववा प्रश्न शून्य. हा प्रश्न मी कागदावर न सोडता समोर बसून पुन्हा विचारला. निद्रानाशाचा निर्देशांक 28 पैकी 20 होता, तो 8 वर आला आहे. हिमोग्लोबिन, टीएसएच, बी12 ठीक.

गुणांवर मी फार विसंबत नाही. नर्सला हे फॉर्म पाठ असतात, आणि परत यायचे असेल तर कुठे खूण करायची हेही कळते. म्हणून 5 जूनला रिकाम्या बेडजवळ उभे राहून त्यांच्याकडून काम करून घेतले. नॉरअॅड्रेनलिन 4 मिलिग्रॅम, 50 मिलिलिटरमध्ये. पेशंट 60 किलो, डोस मिनिटाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅम. त्यांनी ताशी 4.5 मिलिलिटर हे उत्तर कागद न घेता सांगितले आणि लगेच विचारले, "वजन आजचं धरलंय की भरतीच्या दिवसाचं?" मी ठरवून शेजारचा मॉनिटर वाजवला. त्या वळल्या, लीड सुटलेली पाहिली, चिकटवली आणि परत पंपाकडे येऊन आकडा पुन्हा वाचला. अडथळा आल्यावर काम सुरुवातीपासून तपासायचे, ही सवय शाबूत आहे. सहा तासांच्या पाळीबद्दल विचारले तेव्हा म्हणाल्या, "काम जमेल. हँडओव्हरला सगळे माझ्याकडे बघतील, ते जमेल का माहीत नाही." हे उत्तर मला खरे वाटले. "एकदम फिट आहे" असे म्हणाल्या असत्या, तर मी आणखी एक भेट ठेवली असती.

आता 11 मार्चच्या घटनेबद्दल. पोटॅशियमच्या पंपावर 10 ऐवजी 100 हा वेग पडला. सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या सिस्टरने आकडा वाचला आणि चूक तिथेच थांबली. पेशंटला इजा नाही. तेव्हाचे रोस्टर मी मागवून पाहिले: सलग सहावी नाईट, हाताखाली चार पेशंट, त्यातले तीन व्हेंटिलेटरवर. वेळ पहाटे 4 वाजून 20 मिनिटे. त्या तासांत शरीराचे घड्याळ कुणाचेही तळाला असते. सलग 17 तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी घसरते, हे प्रयोगात दिसलेले आहे, आणि सिस्टर तेव्हा आदल्या दुपारपासून जाग्या होत्या, म्हणजे त्या मर्यादेच्या जवळ पोहोचल्या होत्या. म्हणून ही चूक मी त्यांच्या अकार्यक्षमतेचा पुरावा धरलेली नाही. औषधांवर बंधन न घालण्याचे कारणही हेच. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपॅरिन, ओपिऑइड यांना दुसऱ्या व्यक्तीची स्वतंत्र तपासणी सगळ्यांनाच लागते. ती एकट्या त्यांच्यावर अट म्हणून लिहिली असती, तर पहिल्याच दिवशी कपाळावर शिक्का बसला असता.

दुसऱ्या वॉर्डात बदली करावी का, याचाही विचार झाला. विभागाची तीच सूचना होती, सिस्टरांची नव्हती. बाह्यरुग्ण विभागात काम हलके, पण नऊ वर्षांचे कौशल्य वाया, आणि ही बदली त्यांना शिक्षा वाटेल. शिवाय तिथे पाठवून अतिदक्षता विभागातली माणसे वाढत नाहीत.

नाईट का थांबवली, याचे उत्तर साधे आहे: झोप नुकतीच जागेवर आली आहे, आणि नैराश्य उलटण्याची पहिली खूण बहुधा झोपेतच दिसते. औषध बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने चालू राहावे, असे तज्ज्ञांनी लिहिले आहे. सुरुवातीलाच नाईट सुरू केल्या तर काय बिघडले ते औषधामुळे की पाळीमुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

3 जूनला विभागातून फोन आला होता: "एका ओळीचं फिट द्या, रोस्टर अडलंय." नकार दिला. त्या माणसाची अडचण खोटी नाही, माणसे खरोखर कमी आहेत. पण सिस्टर बऱ्या झाल्या आहेत, ज्या रोस्टरने त्यांना आजारी पाडले ते तसेच आहे. बिनअटीचे प्रमाणपत्र म्हणजे त्या रोस्टरला दिलेले प्रमाणपत्र झाले असते. मेट्रनशी 4 जूनला बोललो. दोन आठवडे जादा हात म्हणून ठेवायला त्या तयार आहेत. डबल ड्यूटीबद्दल त्यांनी लेखी दिलेले नाही. म्हणून ती अट भाग पहिल्यात सर्वांत स्पष्ट शब्दांत आहे.

पुन्हा बिघडत असल्याच्या खुणा सिस्टरांनी स्वतः सांगितल्या: पेशंटला नावाऐवजी बेड नंबरने बोलावणे, घरी गेल्यावर गणवेश न काढता तासभर बसून राहणे, ऑफच्या दिवशी पंपाचा आवाज कानात येणे. यांपैकी एक जरी दोन आठवडे टिकली तर 7 जुलैची वाट न पाहता त्या थेट माझ्याकडे येतील, इन्चार्ज सिस्टरमार्फत नाही. जीवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा तातडीच्या विभागात जायचे. दोन्हीकडचे नंबर त्यांच्या फोनमध्ये आहेत, माझ्यासमोर तपासले.

मसुदा वाचताना त्यांनी एकच दुरुस्ती मागितली. मी लिहिले होते, "कामाचा ताण सहन न झाल्याने रजा." त्या म्हणाल्या, "सहन तर चार वर्षं केला, सर." ओळ बदलली: "दीर्घकाळ अपुऱ्या मनुष्यबळात काम केल्याने आलेल्या आजारासाठी रजा."

(सही)
ऑक्युपेशनल हेल्थ फिजिशियन
वाचले, संमत: कर्मचारी क्रमांक 4172 (सही), 5 जून 2025