पीएच.डी. संशोधनाचे त्रैवार्षिक कालनियोजन (जुलै 2026 ते जून 2029)

विषय: रत्नागिरीजवळील भाट्ये व काळबादेवी येथील खाड्यांत तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रियांचे श्रम आणि उत्पन्न

मा. मार्गदर्शक मॅडम,

आपल्या सूचनेनुसार नियोजन लेखी सादर करीत आहे. माझी अभ्यासरजा जून 2029 अखेर संपते आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा असल्यामुळे त्याआधी प्रबंध सादर करता येणार नाही. त्यामुळे प्रत्यक्ष सादरीकरण जुलै 2029 च्या पहिल्या आठवड्यात धरले असले, तरी लेखनाचे काम एप्रिल अखेरीस संपावे असा प्रयत्न आहे.

या नियोजनात वेळ महिन्यांपेक्षा उधाणांत मोजली आहे. तिसऱ्यांच्या जागा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीतच नीट उघड्या पडतात, भांगाच्या दिवसांत खाडीत जाऊन फारसे हाती लागत नाही आणि पावसाळ्यात क्षेत्रकार्य बंदच ठेवावे लागते. म्हणजे चुकलेले एक उधाण पुढच्या आठवड्यात भरून काढता येत नाही. ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत साधारण 15 उधाणे मिळतात. त्यांपैकी ऑक्टोबरची दोन मी जमेस धरलेली नाहीत (2019 मध्ये क्यार चक्रीवादळ ऑक्टोबरच्या अखेरीस याच किनाऱ्यासमोर होते), तसेच फाल्गुन पौर्णिमेचेही धरलेले नाही, कारण शिमग्यात पालखी दारी येत असताना कोणाला मुलाखतीसाठी बसवणे योग्य नव्हे. उरलेल्या 12 पैकी 9 उधाणांवर नमुना पूर्ण होईल आणि 3 राखीव राहतील. मेच्या उत्तरार्धावर कोणतेच काम टाकलेले नाही, कारण 2021 मधील तौक्ते त्याच पंधरवड्यात आले होते.

पहिले वर्ष. डिसेंबर 2026 पर्यंत अभ्यासक्रम आणि नैतिकता समितीची मान्यता पूर्ण होईल. जानेवारी ते मे 2027 मध्ये भाट्ये येथे 10 स्त्रियांसह प्राथमिक पाहणी होईल. टोपलीचे वजन कोठे करावे, खाडीतच की घरी परतल्यावर, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी पाणी निथळल्यावर वजनात फरक पडतो, म्हणून मुख्य हंगामाआधी तो सुटला पाहिजे. पावसाळ्यात पूर्वसंशोधनाचे व संशोधनपद्धतीचे प्रकरण लिहीन.

दुसरे वर्ष. मुख्य क्षेत्रकार्य नोव्हेंबर 2027 ते मे 2028 या काळात दोन्ही खाड्यांवर, 40 स्त्रियांसह होईल. 31 जानेवारी 2028 पर्यंतच्या सहा उधाणांपैकी चारही पूर्ण झाली नाहीत, तर काळबादेवी वगळून अभ्यास भाट्येपुरता मर्यादित करावा, हा निर्णय आपण आजच मान्य करावा अशी विनंती आहे. ऐन हंगामात तो घेण्याचे धैर्य मला होणार नाही, हे मी एम.ए.च्या प्रबंधिकेच्या वेळी अनुभवले आहे.

तिसरे वर्ष. नोव्हेंबर-डिसेंबर 2028 ची चार उधाणे केवळ राहिलेल्या नोंदींसाठी ठेवली आहेत. नोंदी पूर्ण असतील तर तो काळ विश्लेषणाच्या फेरतपासणीस मिळेल. संपूर्ण मसुदा 15 मार्च 2029 रोजी आपल्याकडे येईल. एप्रिलच्या उत्तरार्धात संशोधन सल्लागार समितीसमोर पूर्वसादरीकरण आणि त्यानंतर साम्यतपासणी होईल. मे व जून कोरे आहेत. छपाई-बांधणी सोडून त्यांत काहीही नियोजित नाही.

मसुद्यांच्या वाचनाबाबत. एका प्रकरणासाठी 46 दिवस धरले आहेत: आपले पहिले वाचन 21 दिवस, माझी दुरुस्ती 15 दिवस आणि आपले दुसरे वाचन 10 दिवस. एक प्रकरण आपल्याकडे असताना दुसरे पाठवणार नाही. प्रकरण दोन 1 जुलै 2027, तीन 1 सप्टेंबर 2027, चार 1 ऑगस्ट 2028 आणि पाच 1 ऑक्टोबर 2028 रोजी येईल. प्रास्ताविक व समारोप ही लहान प्रकरणे 2 जानेवारी 2029 रोजी एकत्र देईन. दुसऱ्या वाचनानंतर उरलेल्या शंका स्वतंत्र यादीत नोंदवून मार्चच्या मसुद्यात सोडवीन, अन्यथा एकाच प्रकरणाची तिसरी-चौथी फेरी बाकीचा वेळ खाईल. परीक्षांच्या कामामुळे 21 दिवस अपुरे पडणार असतील, तर तसे आधी कळवावे, म्हणजे पाठवण्याची तारीख अलीकडे आणता येईल.

समितीची बैठक प्रत्येक सत्रात होते. जानेवारी आणि जुलै हे महिने मला सोयीचे आहेत. प्रगती अहवाल 15 दिवस आधी देईन व त्यात झालेली उधाणे आणि वापरलेली राखीव उधाणे यांचे आकडे असतील. राखीवपैकी दोन संपताच बैठकीची वाट न पाहता आपणांस कळवीन.

आपल्या दुरुस्त्या 20 जुलै 2026 पर्यंत मिळाल्यास अंतिम प्रत समितीच्या कार्यालयात जमा करीन.

आपली विनम्र,
संशोधक विद्यार्थिनी