मार्केटिंग क्लबच्या मावळत्या अध्यक्षाचं निरोपाचं भाषण

सर, मॅडम आणि माझ्या क्लबच्या मंडळींनो,

खुर्ची सोडण्याआधी एक कबुली देतो. गेल्या वर्षीच्या कार्यशाळेचं पोस्टर आठवतंय? ‘फक्त शेवटच्या 10 जागा!’ ते वाक्य माझं. तेव्हा हॉलमध्ये साठ-सत्तर खुर्च्या रिकाम्या होत्या. नोंदणी धडाधड झाली, मी कॉलर ताठ केली. कार्यशाळेच्या दिवशी एफवायची एक मुलगी मागे वळून रिकाम्या रांगा बघत म्हणाली, “दादा, मी तर मेसचे पैसे इकडे भरले, जागा जाईल म्हणून.” मला काही बोलता येईना. पैसे परत केले, पण पुढच्या आमच्या एकाही कार्यक्रमाला ती आली नाही.

नंतर कळलं, या चलाखीला कायद्यात नावही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये तेरा ‘डार्क पॅटर्न्स’ची यादी काढली. त्यात खोटी घाई लावणं पहिल्याच क्रमांकावर! म्हणजे आपण अगदी टॉपर.

पकडले जाऊ म्हणून खरं बोला, असं मी म्हणत नाहीये. गिऱ्हाईक एकदा फसतं, पण मग दहा जणांना सांगतं. कोपऱ्यावरचा वडेवाला शिळा वडा ताजा म्हणून खपवत नाही, कारण उद्याही त्याला तिथंच गाडी लावायची असते. आपल्यालाही याच कॅम्पसमध्ये तोंड दाखवायचंय.

नव्या अध्यक्षांकडे पोस्टरची फाइल देतोय. ‘शिल्लक जागा’ची चौकट मी रिकामी ठेवलीय. त्यात खरा आकडा टाका, मग तो 70 का असेना.